शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये आकाशकंदील

ए-२०३ कडून

सगळ्या शेजाऱ्यांना नमस्कार,

वसुबारसेच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी ५ वाजता ए विंगच्या पार्किंगमध्ये कंदील करायला बसूया. मेन रोडला तयार कंदील ढिगानं मिळतात, ठाऊक आहे. पण आपल्या मुलांनी कामटीला दोरा कधी बांधलेला नाही.

बुरुडाकडून १० इंची कामट्या मी चिरून आणतेय. एका कंदिलाला २४ लागतात, म्हणजे १५ घरांच्या ३६०. पतंगी कागद, दोरा आणि खळ माझ्याकडे. तुम्ही कात्री, फुटपट्टी आणि रद्दी आणा. एखाद्याकडे पॉलिश पेपर असेल तर तोही. कामटीचं कुसळ मुलांच्या बोटात जायला नको.

भेळ, चिवडा आणि चहा आहेच, पण ८ वाजता आणि दुसऱ्या टेबलावर. चिवड्याचं बोट कागदाला लागलं की डाग पडतो आणि तिथे खळ धरत नाही. मधे भूक लागली तर केळी ठेवली आहेत.

सी-१०१ कडून

छान बेत. वर्गणी किती द्यायची? आणि खळीत चिमूटभर मोरचूद घालायला विसरू नका, आम्ही लहानपणी घालायचो. झुरळं कागद कुरतडत नाहीत. हल्लीचे एलईडी बल्ब तापत नाहीत, तेव्हा कंदील वरूनही बंद करून टाका, पाऊस आला तर आत जाणार नाही.

ए-२०३ कडून

काका, वर्गणी नाही, फक्त या. मोरचुदाचं तुमचं खरं आहे, पण ते विष आहे आणि त्याच हातांनी पोरं भेळ खाणार. त्याच दिवशी ताजी खळ शिजवते: एक वाटी मैदा, चार वाट्या पाणी, चकाकी येईपर्यंत ढवळायचं. कंदील दोन-तीन आठवडेच टांगायचा, तेवढ्यात झुरळांचं काय भागतंय!

बी-५०२ कडून

काका, एलईडीचाही बुडखा तापतो. वरची बाजू उघडीच हवी.

आता सांगाड्याचं, कारण दरवर्षी तिथेच घोळ होतो. आधी सहा चौकोन बांधायचे. त्यातले चार टोकावर उभे करून शेजारच्यांचे कोपरे एकमेकांना बांधले की कडं तयार होतं. वरची चार टोकं पाचव्या चौकोनाच्या कोपऱ्यांना, खालची चार सहाव्याच्या. सगळे मिळून बारा सांधे. उंची साधारण १४ इंच येते.

सगळे सांधे घट्ट बांधले तरी सांगाडा हातात पिळवटतो. बांधणाऱ्याला वाटतं दोरा सैल राहिला, म्हणून तो आणखी आवळतो आणि कामटी फुटते. दोष दोऱ्याचा नसतो. चौकोन मुळात तिरका होऊ शकतो, त्रिकोण होत नाही. म्हणून वरच्या उघड्या चौकोनात १४ इंची कामटी तिरपी घाला. बल्बही तिलाच लटकेल. बाकीचे चौकोन कागद चिकटला की सरळ राहतात, पण तोवर जमिनीवर ठेवून बघा. खालचे चारही कोपरे टेकले पाहिजेत. डुगडुगला तर प्रत्येक चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा. ज्याचे सारखे नाहीत तो हातानं सरळ करा, मगच कागद. आधी पाच चौकोन, मग आठ त्रिकोण. ए-२०३, त्या तिरप्या कामट्या वेगळ्या चिरून घ्या, १० इंचीतून होणार नाहीत.

बी-४०१ कडून, सध्या न्यू जर्सीहून

वाचून घरी आल्यासारखं वाटलं. इथल्या मंडळात आम्हीही करतो, पण बांबू म्हणजे कबाबाच्या काड्या. त्या गोल असल्यानं दोरा घसरतो आणि एक सांधा आवळला की दुसरा सरकतो. काय करावं? आमच्या नाशिकच्या फ्लॅटच्या बाल्कनीतही कोणी एक टांगाल का? किल्ली ए-२०३ कडे आहे.

बी-५०२ कडून

सांध्याच्या जागी खळ लावून कागदाची पट्टी गुंडाळ, वाळू दे, मग बांध. खाच पाडू नकोस, बारीक काडी तिथेच मोडते.

सी-१०१ कडून

कागदावर सुरकुत्या राहतात त्याचं काय? आम्ही पाणी शिंपडायचो.

बी-५०२ कडून

वाळताना कागद ताणला जातो, पाण्याचा बारीक फवारा त्यालाच मदत करतो. पण स्वस्त पतंगी कागदाचा रंग सुटतो, त्यामुळे आधी तुकड्यावर बघा. लाल सगळ्यात आधी सुटतो, हा माझा अनुभव. येवल्याकडचे पतंगवाले याला मान डोलावतील की नाही, माहीत नाही.

ए-२०३ कडून

मग लाल कमी आणते. पण ए विंगच्या मुलांना सगळे कंदील भगवेच हवेत, सी विंगला ज्याचा त्याचा रंग. ते शनिवारी तिथेच भांडा. काका, शिंपडायची बाटली तुम्ही आणा. चहा कमी साखरेचा किती जणांना, ते शुक्रवारपर्यंत कळवा. बी-४०१ चा कंदील माझ्याकडे लागला.