एनपीव्हीच्या तक्त्यात 'चूक −१०%' म्हणजे नेमके काय?

वृषाली
एका प्रकल्प अहवालाचा मराठी मसुदा तपासते आहे. त्यातल्या एका तक्त्याच्या मथळ्यावर दोन दिवस अडले आहे: 'निव्वळ वर्तमान मूल्याची सूट दर व रोख प्रवाहातील चुकीप्रती संवेदनशीलता'. प्रकल्प साधा आहे. आज १००० गुंतवायचे आणि पुढची ५ वर्षे दर वर्षाअखेर २८० यायचे. तक्त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे एनपीव्ही, अर्थात निव्वळ वर्तमान मूल्य: पुढे येणाऱ्या रकमांची आजची किंमत वजा आजचे १०००. तक्ता जसाच्या तसा देते:

| सूट दर | चूक −१०% | चूक ०% | चूक +१०% |
|---|---|---|---|
| ८% | ६ | ११८ | २३० |
| १०% | −४५ | ६१ | १६८ |
| १२% | −९२ | ९ | ११० |
| १४% | −१३५ | −३९ | ५७ |

'संवेदनशीलता' इथे चालेल का? आणि 'चूक −१०%' याचा अर्थ मी असा लावला की अंदाज १० टक्के कमी धरला होता, म्हणजे प्रत्यक्षात पैसे जास्त आले. मग त्याच रकान्यातले आकडे सगळ्यात लहान कसे?

नंदन
यंत्र घेताना पुरवठादाराने आम्हाला ८ टक्के सूट दिली होती. ती पहिल्या ओळीत बसते का? आमची गुंतवणूक तेवढी कमी होईल, पण हा तक्ता तर दर ओळीला १००० च धरतो आहे असं वाटतं.

हिशेबनीस
नंदन, तुमची सूट ही किमतीतली सूट. ती १००० या आकड्यातून वजा होईल, दराच्या रकान्यात तिला जागा नाही. पण तुमचा गोंधळ पाहून मला 'सूट दर' हा शब्दच नको वाटतो. पुढच्या वर्षी मिळणारे ११० आज १०० ला धरायचे, तर मधले १० कुणी कुणाला माफ केलेले नसतात. हुंडी मुदतीआधी वटवली की हातात रक्कम कमी येते, तो हा व्यवहार. म्हणून मी 'वटाव दर' लिहितो.

वृषालीताई, तुमचं वाचन चुकीचं नाही, मथळाच दुटप्पी आहे. 'चूक' म्हणजे अंदाजातून प्रत्यक्ष वजा करायचं की प्रत्यक्षातून अंदाज, हे मराठीत कुठेच ठरलेलं नाही. तक्ता करणाऱ्याने २८० ऐवजी २५२ आले असं धरलं आहे. पडताळणी सोपी आहे. १० टक्के दराने ५ वर्षे दरसाल १ मिळत राहिला तर त्याची आजची किंमत ३.७९ होते. २५२ ला तिने गुणा, ९५५ येतात. १००० वजा करा, −४५ उरतात. म्हणून त्या रकान्यावर 'जमा अंदाजापेक्षा १०% कमी' असं सरळ लिहा. 'चूक' शब्द काढूनच टाका.

ओंकार
'संवेदनशीलता' मला माणसाच्या मनाला शोभणारा शब्द वाटतो. आकडा कसला संवेदनशील? आणि तक्त्यावरून एक दिसतं की खरा धोका दराचाच आहे. दर फक्त २ टक्क्यांनी चुकला, १० चा १२ झाला, की ६१ चे ९ होतात.

हिशेबनीस
ओंकार, आकडे बरोबर वाचलेत, तुलना मात्र घसरली, आणि तीही एका शब्दामुळे. 'व्याजदर पाव टक्क्याने वाढला' म्हटलं की आपण मूळ दरात पाव मिळवतो. 'पगार १० टक्क्यांनी वाढला' म्हटलं की पगाराचा दहावा हिस्सा मिळवतो. या तक्त्यात एका बाजूला पहिला 'टक्का' आहे आणि दुसऱ्या बाजूला दुसरा. १० चा १२ होणं म्हणजे दराच्या मानाने २० टक्क्यांची चूक. तेवढीच चूक जमेत करून बघा: २८० चे २२४, आणि एनपीव्ही −१५१. दरामुळे ५२ गेले, जमेमुळे २१२. चौपट फरक.

'संवेदनशील' तराजूलाही म्हणतात, त्यामुळे त्या शब्दाला माझी हरकत नाही. माझी हरकत आहे ती 'चुकीप्रती'ला. असं कुणी बोलत नाही.

ओंकार
हे पटलं. पण सारखी टक्केवारी म्हणजे सारखी शक्यता नव्हे ना? दर २० टक्क्यांनी चुकणं आणि जमा २० टक्क्यांनी चुकणं, दोन्ही तितक्याच सहज घडतात हे कुठून आलं?

हिशेबनीस
कुठूनच नाही, आणि ते या तक्त्यातून दिसतही नाही. तक्ता फक्त 'असं झालं तर' सांगतो. म्हणून मी आधी उलटा प्रश्न विचारतो: किती चुकलं की एनपीव्ही शून्यावर येते? १० टक्के दराला जमा २८० वरून २६४ वर आली की संपलं, म्हणजे जेमतेम ६ टक्के घट. जमा २८० च ठेवली तर दर १२.४ पर्यंत जाऊ शकतो. मग विचारायचं, यातलं आधी काय घडेल? याचं उत्तर प्रकल्प ओळखणाऱ्या माणसाकडे असतं, कोष्टकात नसतं.

आणि 'जमा नेहमीच भारी' असाही नियम करू नका. सगळे पैसे विसाव्या वर्षी एकरकमी येणार असतील तर दर १० चा ११ झाला की त्यांची आजची किंमत साडेसोळा टक्क्यांनी घटते. जमा १० टक्के कमी आली तर १० टक्केच घटते. पैसा जितका लांब, तितका दर जड.

माधुरी
मी हे भोगलं आहे, म्हणून लिहिते. आमच्या प्रस्तावात विक्रीची खात्री नाही म्हणून जमा १० टक्के कापली. वरच्या बैठकीत त्याच कारणाने दरही १० चा १४ केला. या तक्त्यात बघा, ६१ वरून थेट डाव्या कोपऱ्यातल्या −१३५ वर. एकच भीती दोनदा मोजली गेली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण दोन्हींवर 'सुरक्षिततेसाठी' एवढंच लिहिलं होतं. प्रस्ताव बारगळला. अजूनही वाटतं की दोन्हींपैकी एकच करायला हवं होतं.

हिशेबनीस
माधुरीताई, अशा वेळी मी जमेला हात लावतो आणि दर तसाच ठेवतो. कापलेली जमा डोळ्यांना दिसते, तिच्यावर वाद घालता येतो. दरात लपवलेली भीती दिसत नाही, शिवाय ती दरवर्षी चक्रवाढीने वाढत जाते. सगळेच माझ्यासारखं करत नाहीत, हेही सांगतो.

ओंकार
पण दर वाढवला की मूल्य घटतं, म्हणजे कडक दर निदान सावध तरी असतो.

हिशेबनीस
आधी खर्च आणि नंतर जमा असेल तरच. खाणीचा विचार करा, शेवटी खड्डे बुजवण्याचा मोठा खर्च येतो. दर वाढवला की त्या खर्चाची आजची किंमतही घटते आणि प्रकल्प आहे त्याहून चांगला दिसू शकतो. तिथे 'कडक' दरच ढिला पडतो.

वृषाली
मसुद्यात असा बदल करते आहे. मथळा: 'वटाव दर किंवा वार्षिक जमा अंदाजाबाहेर गेल्यास निव्वळ वर्तमान मूल्य किती राहते'. रकाने: 'जमा २५२', 'जमा २८०', 'जमा ३०८'. टक्केच काढले की उणे-अधिकचा प्रश्न उरत नाही. एक मात्र अडतं: अहवालात इतरत्र सगळीकडे 'सूट दर' छापून गेलं आहे, आणि वाचणाऱ्यांपैकी काहींना 'वटाव' हा बँकेतलाच शब्द वाटतो. 'कसर' सुचवला तर एकाने विचारलं, कुणाची कसर?

नंदन
मला 'वटाव' कळला, पण हिशेबनीसांनी हुंडी सांगितल्यावर. आधी नसता कळला.