मदत हवी आहे: तीन महिने जर्मन ऐकतोय, कानात काहीच बसत नाही

वाळूजची_बस: नोकरी वाळूज एमआयडीसीत, घर सिडकोत. कंपनीच्या बसमध्ये जाऊन-येऊन दीड तास जातो. जर्मनची ए२ पास आहे. तीन महिने रोज डॉइचे वेलेच्या संथ वाचलेल्या बातम्या ऐकतोय. शब्द ओळखीचे वाटतात, पण अर्थ लागेपर्यंत पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं. घरी दोन पोरं, रात्री फार तर दहा मिनिटं मिळतात. त्यापेक्षा गाणी ऐकू का?

नांदेडी: गाणीच ऐका भाऊ. मी बी गाण्यावरच शिकायलो. चाळीसेक गाणी पाठ झाली.

उदगीरची_मावशी: आमच्या लेकाचेही कान दुखायचे, डॉक्टरांनी इयरफोन बंद करायला सांगितले.

जुनी_शिकवणी: मावशी, त्यांचे कान ठणठणीत आहेत. त्या बातम्या संथ असल्या तरी सोप्या नाहीत, बी२-सी१ वाल्यांसाठी आहेत. ए२ला डॉइचे वेलेचीच ‘निकोस वेग’ ही व्हिडिओ मालिका घ्या. त्यातला दीड-दोन मिनिटांचा एकच तुकडा आठवडाभर पुरवा.

पहिल्या रात्री मजकूर न बघता दोनदा ऐका. कोण कुणाशी बोलतंय एवढं कळलं तरी पुरे. मग मजकूर समोर ठेवून ऐका आणि निसटलेल्या जागी पेन्सिलीने खूण करा. शब्दच माहीत नव्हता तर गोल, माहीत असून ऐकू आला नाही तर रेघ. गोलाला डिक्शनरी. रेघेची जागा मात्र पाच सेकंद मागे नेऊन आठ-दहा वेळा ऐकायची आणि त्याच्यासारखंच तोंडाने म्हणायचं. ‘हाबन वीर’ बोलताना ‘हामवा’ होतं, आणि आपण ‘हामवा’ डिक्शनरीत शोधत बसतो! पुढचे दिवस तोच तुकडा बसमध्ये, मजकुराशिवाय. दोन दिवस सोडून पुन्हा एकदा. तेव्हा मनात मराठी न करता अर्थ लागला, तर तुकडा बदला.

गाण्याने शब्दांच्या जोड्या पक्क्या होतात, नांदेडींचं तेवढं खरं. पण चालीसाठी स्वर ताणतात, आघात हलतो, यमकासाठी क्रम फिरतो. गाणं पाठ असलेला माणूस फोनवर अडकतो.

नांदेडी: अडकतो खरा 😅

वाळूजची_बस: पाच दिवस केलं. चौदा खुणा झाल्या, त्यात गोल तीनच! बाकी सगळे येणारे शब्द. ‘इश रूफे दिश मॉर्गन आन’मध्ये तो शेवटचा ‘आन’ ऐकूच यायचा नाही, म्हणून ‘उद्या फोन करतो’चं मी ‘उद्या हाक मारतो’ करत होतो. एक विचारायचंय, वेग ०.७५ वर ठेवला तर चालेल?

जुनी_शिकवणी: मी ठेवू देत नाही. ‘हामवा’ कळायचा तर त्याच वेगात कळायला हवा.

परभणी_ते_पुणे: मी रेघांच्या जागी ठेवायचो, मग लगेच मूळ वेगात ऐकायचो. बी१ निघाली.

जुनी_शिकवणी: तुम्हाला जमलं असेल. माझ्याकडचे बहुतेक जण ०.७५ वरच मुक्कामाला राहिले.

वाळूजची_बस: मग या आठवड्यातला तुकडा ०.७५ लावून आणि पुढचा न लावता करतो. रेघा मोजून इथे टाकतो.