नववीचा इंग्रजीचा तास: चौदा नवे शब्द, चाळीस मिनिटं. कोणत्या क्रमाने शिकवू?

अनघा_मा
नववीला इंग्रजी शिकवते, मुलांची ती दुसरी भाषा. पुढचा उतारा पुरावर आहे, साधारण १८० शब्दांचा. त्यातले चौदा शब्द मुलांना नवे आहेत: वॉर्न, रिफ्यूज, रेफ्यूज, शेल्टर, इव्हॅक्युएट, अबँडन, रेस्क्यू, रिलीफ, स्ट्रँडेड, सबमर्ज, रिसीड, करंट, राफ्ट, डेब्री.

आत्तापर्यंत मी सगळे शब्द अर्थासह फळ्यावर लिहायचे, मुलं उतरवून घ्यायची, मग प्रत्येक शब्दाचं वाक्य आणि शेवटी उतारा. त्या दिवशी सगळं येतं, आठवड्याने विचारलं की निम्मी मुलं रिफ्यूज आणि रेफ्यूजची अदलाबदल करतात.

मर्यादा आधीच सांगते. तास एकच, चाळीस मिनिटांचा. वर्गात पन्नास मुलं, प्रोजेक्टर नाही, मुलांकडे फोन नाहीत. प्रश्न फक्त क्रमाचा आहे: आधी काय, मग काय?

शब्दवेडा
मी गेली कित्येक वर्षं फ्लॅशकार्डचं ॲप वापरतो आणि मुलांची प्रगती डोळ्यांना दिसते. प्रत्येक शब्दाला चित्र, चित्रामागे उच्चार. मोठ्या पडद्यावर पुराचे फोटो दाखवा, शब्द आपोआप डोक्यात बसतात. माझ्या वर्गाचा निकाल शाळेत सगळ्यात वर असतो.

अनघा_मा
पडदा नाही आणि फोनही नाहीत, वर लिहिलंय. चित्रं हाताने काढू शकते.

सुमित्रा_जोशी
माझी साधी पद्धत: शब्द जोडीने द्यायचे. समानार्थी एकत्र, विरुद्धार्थी एकत्र. शेल्टर आणि रेफ्यूज एका ओळीत, इव्हॅक्युएट आणि अबँडन एका ओळीत. एक आठवला की दुसरा त्याच्या मागून येतो. आम्हाला असंच शिकवलं आणि आम्ही शिकलो.

प्रवीण
जोड्यांना +१. आणि स्पेलिंग दहा-दहा वेळा लिहून घ्या, हल्ली ते कुणी करून घेत नाही.

मेधा_रा
शिक्षक-प्रशिक्षणात आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते. क्रमाच्या आधी निवड ठरवा, कारण तुमची अदलाबदल मला निवडीतूनच आलेली दिसते.

अर्थाने जवळचे शब्द एकाच दिवशी नवे म्हणून दिले की ते एकमेकांत अडकतात. यावर टिंकम यांनी १९९३ मध्ये आणि वॉरिंग यांनी १९९७ मध्ये प्रयोग केले. अर्थाने एकाच गटातले शब्द शिकायला लोकांना असंबंधित शब्दांपेक्षा जास्त प्रयत्न लागले. उलट एका प्रसंगात येणारे, पण वेगवेगळं काम करणारे शब्द एकत्र चांगले बसतात. तुमच्या यादीत दोन्ही प्रकार मिसळले आहेत. शेल्टर-रेफ्यूज आणि इव्हॅक्युएट-अबँडन अर्थाने जवळ. रिफ्यूज-रेफ्यूज तर कानाला आणि डोळ्याला इतके जवळ की पहिल्या भेटीत ते एकत्र आणूच नयेत.

म्हणून मी सहाच घेईन: वॉर्न, रिफ्यूज, इव्हॅक्युएट, स्ट्रँडेड, रेस्क्यू, शेल्टर. या सहांची गोष्टच होते. लोकांना सावध केलं, काहींनी निघायला नकार दिला, बाकीच्यांना हलवलं, नकार देणारे अडकले, त्यांची सुटका झाली, त्यांना निवारा मिळाला. राफ्ट आणि डेब्रीचा अर्थ वाचताना जागेवर सांगून टाका, त्यासाठी वेळ देऊ नका. रेफ्यूज आणि अबँडनचाही आज फक्त अर्थ सांगा, शिकवायचे ते नंतर, शेल्टर आणि इव्हॅक्युएट पक्के झाल्यावर.

आता क्रम:

पहिली पाच मिनिटं पुस्तकं बंद. हीच गोष्ट सोप्या इंग्रजीत सांगा, शब्द त्यात येऊ द्या. फळ्यावर काही लिहू नका. मुलांनी शब्द आधी ऐकावा, नाहीतर स्पेलिंग बघून ती भलताच उच्चार करतात आणि तोच राहतो.

पुढची दहा मिनिटं अर्थ. मातृभाषेत एक शब्द सांगून टाकायला हरकत नाही, पण लगेच तपासा. ‘समजलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. स्ट्रँडेडला विचारा: माणसाला तिथून जायचंय का? हो. जाता येतंय का? नाही. इव्हॅक्युएटला विचारा: लोक फिरायला निघालेत का? नाही. मग का निघालेत? धोका आहे म्हणून. हात वर करून उत्तरं आली की पन्नास मुलांत कोण अडलंय ते दिसतं.

मग पाच मिनिटं उच्चार, त्यानंतर फळ्यावर स्पेलिंग आणि जोर कुठे येतो त्यावर खूण. रिफ्यूजचा जोर दुसऱ्या भागावर असतो. हे आज पक्कं झालं तर पुढे रेफ्यूज शिकवताना फरक दाखवता येईल, कारण त्याचा जोर पहिल्या भागावर आहे.

मग बारा मिनिटं उतारा. राहिलेल्या आठ मिनिटांत फळा पुसा, मातृभाषेत प्रसंग सांगा आणि मुलांना वहीत शब्द लिहायला सांगा. न बघता आठवणं हाच तासाचा गाभा. उतरवून घेताना मूल काहीच आठवत नाही, फक्त बघून लिहितं.

वाक्यं त्या दिवशी नकोत. शब्द नवा असताना वाक्य रचायला लावलं की मुलाचं लक्ष व्याकरणात जातं आणि शब्द निसटतो. बार्क्रॉफ्ट यांच्या २००४ च्या अभ्यासात वाक्यं लिहिणाऱ्यांना शब्द कमी आठवले होते. वाक्यं दुसऱ्या दिवशी घ्या.

प्रवीण
रेफ्यूसचा अर्थ कचरासुद्धा होतो, तोही सांगायला हवा. स्पेलिंग रिफ्यूजचंच आणि जोर पहिल्या भागावर. स्पर्धा परीक्षेत असे प्रश्न येतात.

मेधा_रा
बरोबर आहे, पण नववीच्या या तासात तो अर्थ आणला तर तिसरा सारखा शब्द आणला असं होईल.

प्रवीण
अर्धवट शिकवण्यापेक्षा पूर्ण शिकवलेलं बरं, एवढंच म्हणणं.

नीलेश_वाचतो
मला शब्द आधी शिकवणंच पटत नाही. थेट उतारा द्या, मुलं संदर्भावरून अर्थ ओळखतील. मी असंच इंग्रजी शिकलो, कादंबऱ्या वाचून, एकही यादी न करता. यादी दिली की वाचन मरतं.

मेधा_रा
अंदाज करायला शिकवणं गरजेचं आहे, यात वाद नाही. पण इथे १८० शब्दांत चौदा अनोळखी, म्हणजे दर तेरा शब्दांमागे एक. अंदाज करायला आजूबाजूचे शब्द माहीत लागतात, आणि इथे आजूबाजूलाही अनोळखीच आहेत. निदान वीस शब्दांमागे एकाहून जास्त अनोळखी नसावा, आणि आरामात वाचायला तर पन्नासात एकच, असं या क्षेत्रात धरलं जातं. कादंबऱ्या वाचायला लागलात तेव्हा तुमचा शब्दसाठा मोठा असणार.

अंदाजासाठी रिसीड आणि सबमर्ज राखून ठेवा. ‘पाणी रिसीड झालं आणि कुंपणांची टोकं पुन्हा दिसू लागली’ अशा अर्थाचं वाक्य असेल तर मूल नक्की ओळखेल.

नीलेश_वाचतो
दोन शब्दांचा अंदाज म्हणजे नावापुरताच. तरी आकड्यांचा मुद्दा मान्य.

आईची_काळजी
माझी मुलगी सहावीत आहे, तिला स्पेलिंग अजिबात लक्षात राहत नाहीत. कुठली वर्कबुक चांगली? तिच्या बाईपण यादीच देतात.

शब्दवेडा
ॲप वापरा. वर सांगितलंय.

सुमित्रा_जोशी
मेधाताई, प्रयोगांचं ठीक आहे. पण माझ्या मुलांना जोडीनेच शब्द आठवतात, हे मी रोज बघते. शॅलो म्हटलं की डीप येतंच.

मेधा_रा
सुमित्राताई, डीप त्यांना आधीपासून येत असतो. एक शब्द पक्का असताना दुसरा त्याला जोडणं अगदी योग्य, त्यात तुमची पद्धत खरी ठरते. दोन्ही नवे असले की गोंधळ. ते सुरुवातीचे प्रयोग बरेचसे बनावट शब्दांवर झाले होते, आणि नंतर प्रत्यक्ष वर्गांमधले निकाल सगळे एकसारखे आले नाहीत, हेही सांगायला हवं. पण अनघाताईंच्या वर्गात गोंधळ डोळ्यांसमोर आहे, म्हणून मी सावध बाजू घेतली.

कुलकर्णी_सर_निवृत्त
करंटकडे कुणी बघितलं नाही. मुलांना तो विजेचा म्हणून माहीत असतो, त्यामुळे नवा वाटत नाही आणि उताऱ्यात नेमका तोच दगा देतो. एका मुलाने नदीत वीज उतरली असा अर्थ लावला होता. ओळखीच्या शब्दाचा नवा अर्थ असेल तर उताऱ्याआधी एका वाक्यात सांगून टाकावा: दोन्हीकडे काहीतरी वाहतं.

दुसरं, तास कसाही लावा, पुढे उजळणी नसेल तर सगळं पाण्यात. दुसऱ्या दिवशी तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. दर वेळी वही बंद, दर वेळी क्रम बदलून. त्याच क्रमाने विचारलं तर मुलं क्रम पाठ करतात.

प्रवीण
उजळणीला +१. दहा वेळा लिहिणं हीसुद्धा उजळणीच.

कुलकर्णी_सर_निवृत्त
नाही. तिसऱ्यांदा लिहिताना हात चालतो, डोकं थांबलेलं असतं. त्याऐवजी एकदा बघा, झाका, लिहा, पडताळा.

अनघा_मा
सगळ्यांचे आभार. सहा शब्द, रेफ्यूज नंतर, करंट आधी, फळा पुसून आठवणं, पुढच्या दिवसांत उजळणी, हे घेते. दोन गोष्टी मात्र वेगळ्या करणार आहे.

सहाही शब्द उताऱ्याआधी शिकवणार नाही. आधी वॉर्न, इव्हॅक्युएट आणि स्ट्रँडेड एवढेच. यांच्याशिवाय गोष्टच उभी राहत नाही. मग उतारा एकदा वाचायचा, आणि उरलेले तीन त्यानंतर. शब्दांवर पंधरा-वीस मिनिटं गेली की माझी मुलं उताऱ्यापर्यंत थकतात, हे मला ठाऊक आहे. आणि रिफ्यूजचा प्रसंग वाचून झाल्यावर ‘त्या म्हाताऱ्याने काय केलं?’ विचारलं की मुलांना शब्दाची गरज वाटते.

दुसरं म्हणजे वाक्य त्याच दिवशी घेणार, एकच, तोंडी, जोडीत: ‘ही रिफ्यूज्ड टू...’ एवढं मी देईन, पुढचं त्यांनी पुरं करायचं.

मेधा_रा
चौकट दिलेली आहे, तेव्हा वाक्याला माझा विरोध राहत नाही. पण तीनच शब्द आधी देण्याबद्दल शंका आहे. पहिल्या वाचनात अनोळखी शब्द अकरा उरतात, करंट सांगितलात तर दहा. तेवढ्यात मागच्या बाकांवरची मुलं सुटतील.

अनघा_मा
म्हणून पहिलं वाचन मी मोठ्याने करणार, राफ्ट-डेब्रीसारख्या शब्दांचे अर्थ वाचता वाचता सांगत. मुलांना एकच प्रश्न आधी देणार: कोण मागे राहिलं आणि का?

नीलेश_वाचतो
हे आवडलं. वाचन मध्ये आलं.

सुमित्रा_जोशी
रेफ्यूज शिकवाल तेव्हा शेल्टरच्या जोडीनेच शिकवा, एवढं माझं ऐका.

कुलकर्णी_सर_निवृत्त
आठवड्याने विचाराल तेव्हा अर्थावरून शब्द आणि शब्दावरून अर्थ, दोन्ही बाजूंनी विचारा आणि वेगवेगळे मोजा. शब्द ओळखता येतो पण आठवत नाही, असं किती मुलांचं होतं ते इथे लिहा. मेधाताईंचा क्रम की तुमचा, हे ठरवायला मग काहीतरी हाताशी येईल.