उरलेले स्वेटर काढायचेत, पण गिऱ्हाइकाला सेलची वाट बघायची सवय लागू नये. काय करावं?

नाशिककर_रेडीमेड
दरवर्षी २६ जानेवारीला लोकरीच्या मालावर सरसकट ४० टक्के सूट लावतो. माल निघतो, पण आता डिसेंबरातच लोक स्वेटर घालून बघतात आणि "सेल कधी?" विचारून निघून जातात. यंदा साधारण १५० नग उरतील. खरेदी ५००, विक्री ९००.

रोखठोक
सूट हळूहळू वाढवली की लोक अजून थांबतात. एकदाच निम्म्या किमतीत काढा आणि भांडवल मोकळं करा.

साडीवाली_ताई
आमच्या गल्लीत आषाढ सेल सगळेच लावतात, मी एकटीने बंद केला तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल. मी त्यासाठी सुरतेहून वेगळा स्वस्त माल आणते.

ठोकभाव
ताई, तुम्ही सेलसाठी माल आणता, यांना उरलेला काढायचाय. दोन्हींचा हिशोब वेगळा. आणि रोखठोक, निम्मी किंमत म्हणजे ४५०, पहिल्याच नगापासून घरचे ५० जाणार. सूट हळूहळू वाढली की लोक थांबतात हे मात्र बरोबर, पण ते तारीख आणि टक्के आधीच ठाऊक असतील तरच.

नाशिककर, आधी सरसकट सूट बंद करा. काळा, नेव्ही, ग्रे असा प्लेन माल पुढच्या हिवाळ्यातही ९०० ला जातो. तो डांबराच्या गोळ्या टाकून नीट बांधून ठेवा. सूट फक्त कट साइज आणि यंदाच्या डिझाइनला. तीही थंडी असतानाच, कारण फेब्रुवारीत ऊन तापलं की ४० टक्क्यांनाही कोणी हात लावत नाही.

२० टक्क्यांनी भाव ७२० होतो आणि नगामागचा नफा ४०० वरून २२० वर येतो. म्हणजे जो नग ९०० ला जातच होता त्यावर सूट दिली, तर तोच नफा मिळवायला जवळपास दुप्पट खप लागतो. पडून असलेल्या डिझाइनला हे लागू नाही, तिथे ७२० आले तरी चांगलेच. आठवड्याभरात तरीही हललं नाही तर ६००, आणि त्यानंतर लॉटवाल्याला. तारीख ठरवू नका, बाहेर बोर्ड नको. आतल्या बाजूला एक रॅक, प्रत्येक नगावर नवा भाव.

नाशिककर_रेडीमेड
पण २६ जानेवारीची वाट बघणारी जुनी गिऱ्हाइकं नाराज होतील ना?

ठोकभाव
काही होतील. त्यांना उन्हाळी फ्रेश मालावर आधी निवडायची संधी द्या, भाव तोच ठेवा. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातली पूर्ण भावाची विक्री दरवर्षी वहीत लिहा. ती वाढायला लागली की सवय सुटतेय.

साडीवाली_ताई
समोरच्याने त्याच दिवशी ४० टक्क्यांचा बोर्ड लावला तर? वहीत लिहून काय उपयोग?

ठोकभाव
त्याच्याकडे तेच डिझाइन असेल तर अवघड आहे, त्यावर माझ्याकडेही खात्रीचा उपाय नाही. डिझाइन वेगळं असेल तर मी भाव धरून ठेवेन.