स्केलिंगनंतर दातांत फटी: कुठल्या फटीला काय वापरायचं

कुलकर्णी काका (बी-402): मंडळी, जरा विचारायचं होतं. मागच्या महिन्यात दात साफ करून घेतले. कीटण बरंच होतं. आता खालच्या पुढच्या दातांत फटी दिसायला लागल्यात, आणि वर डावीकडे दाढेत रोज मेथीचं पान नाहीतर पोळीचा तुकडा अडकतो. स्केलिंगने दात विरळ होतात का? मुलाने पाण्याचा फवारा मारणारं मशीन पाठवलंय. अडकलेलं निघतं, पण डॉक्टर म्हणतात थर तसाच आहे.

सुनंदाताई (ए-101): म्हणूनच मी स्केलिंगच्या वाटेला जात नाही. माझ्या जाऊबाईंचंही हेच झालं.

डॉ. वैशाली (सी-703): सुनंदाताई, असं करू नका, प्लीज. फटी स्केलिंगने पडत नाहीत. हिरडी आणि आतलं हाड आधीच खाली गेलेलं असतं. त्या जागेत कीटण गच्च बसलेलं असतं आणि वर हिरडी सुजलेली असते, म्हणून फट दिसत नाही. कीटण निघालं, आठ-पंधरा दिवसांत सूज उतरली, की जागा उघडी पडते. कीटण तसंच ठेवलं असतं तर खालचं हाड आणखी झिजलं असतं.

काका, आता ती फट रोज साफ झाली पाहिजे. ब्रशचे केस तिथे पोचत नाहीत. पण मशीन, दोरा की फटीत घालायचा छोटा ब्रश, हे फट पाहून ठरवायचं.

रोहित (बी-204): वैशालीताई, फ्लॉस सगळ्यांनाच चालतो ना? मी तोच वापरतो.

डॉ. वैशाली (सी-703): तुला चालतो रोहित, काकांना सगळीकडे नाही. तुझ्या दोन दातांमधली जागा हिरडीच्या टोकाने भरलेली आहे. तिथे दोऱ्याशिवाय काही शिरणार नाही, आणि दात त्या जागी फुगीर असल्यामुळे दोरा त्याला नीट लपेटता येतो.

काकांची हिरडी खाली गेल्यामुळे दाताचं मूळ उघडं पडलंय. दाढांच्या आणि उपदाढांच्या मुळाला बाजूने पन्हळीसारखा खोलगट भाग असतो, वरच्या पहिल्या उपदाढेला तर ठळक. दोरा ताणून धरला की पन्हळीच्या दोन काठांवर टेकतो, आतलं तसंच राहतं. छोट्या ब्रशचे केस मात्र आत दबून पसरतात. वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 2019 साली 35 चाचण्या एकत्र तपासल्या, त्यातही हिरड्यांची सूज कमी करायला हे ब्रश फ्लॉसपेक्षा सरस असावेत असं दिसलं. पुरावा फार पक्का नाही हेही त्यांनी लिहिलंय. तोंडात रोज जे दिसतं त्याच्याशी मात्र ते जुळतं.

कुलकर्णी काका (बी-402): छोटा ब्रश म्हणजे तो बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसतो तो? आणला होता मी. दुसऱ्याच दिवशी तार वाकली आणि हिरडीला टोचली.

डॉ. वैशाली (सी-703): माप मोठं होतं काका, आणि जोर लावलात. रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा. पाकिटावर 0 ते 8 असा आकडा असतो का बघा. आयएसओची मोजणी आहे ती: तार न वाकता ब्रश किती बारीक भोकातून जातो, त्यावर आकडा ठरतो. 0 म्हणजे 0.6 मिमीपर्यंतचं भोक, 3 म्हणजे साधारण 1.1-1.2 मिमी.

आरशासमोर, चांगल्या उजेडात, सगळ्यात लहानापासून सुरू करा. ब्रश आडवा, हिरडीच्या जरा वरून, हळू घाला. केस दोन्ही बाजूंना घासले गेले पाहिजेत, किंचित अडल्यासारखं वाटलं पाहिजे, पण तार दाताला लागता कामा नये. सहज आरपार गेला आणि काहीच जाणवलं नाही, तर एक आकडा वाढवा. अडला तर एक कमी करा, ढकलू नका. सबंध तोंडाला एकच माप क्वचितच पुरतं. बहुतेकांना दोन लागतात. चार-पाच वेळा पुढे-मागे करा, पाण्याखाली धुवा, मग पुढची फट. पेस्ट लावायची नाही. मागच्या दाढांसाठी तार जराशी वाकवून घ्या.

नेहा (ए-605): आणि मशीन? आमच्या मुलीला तारा लावल्यात, तिच्यासाठी घ्यायचं मनात आहे.

डॉ. वैशाली (सी-703): तारांमध्ये अडकलेलं अन्न काढायला आणि ब्रिजखाली धुवायला चांगलं आहे, नेहा. तारेखालून दोरा घालायला वेळ लागतो, मुलं तो देत नाहीत. पण दातावरचा थर चिकट असतो. आपल्या गच्चीवरच्या टाकीतलं शेवाळ आठवा: नुसता पाइप मारला की सैल तेवढं वाहून जातं, बाकीचं ब्रशने घासावंच लागतं. तिच्या तारेभोवतीही टूथब्रश आणि बारीक ब्रश लागेलच. पिण्याचं कोमट पाणी घ्या, सुरुवातीला सगळ्यात कमी दाब, टोक हिरडीच्या रेषेला काटकोनात, खाली थेट हिरडीत नाही.

रोहित (बी-204): मला फ्लॉस करताना रक्त येतं. आणि एका जागी दोरा दर वेळी तुटतो.

डॉ. वैशाली (सी-703): रक्त येतंय म्हणून थांबू नकोस. हिरडी सुजलेली आहे, रोज नीट केलं तर आठ-दहा दिवसांत कमी होतं. दोन आठवड्यांनंतरही येत असेल तर दाखव. दोरा हातभर घे, साधारण 45 सेंमी. दातांमध्ये वरून कापल्यासारखा दाबायचा नाही, मागे-पुढे करत उतरव. मग एका दाताला मिठी मारल्यासारखा वळव आणि हिरडीच्या किंचित आतून वर ओढ. तेच शेजारच्या दाताला. एकाच जागी तुटत असेल तर तिथे फिलिंगची कड बाहेर आली असेल किंवा कीड असेल. एक्स-रे काढून घे.

सुनंदाताई (ए-101): आम्ही तर सेफ्टी पिननेच काढतो अडकलेलं. यांना सुपारीची सवय.

डॉ. वैशाली (सी-703): पिन नको सुनंदाताई. हिरडीला जखम होते आणि मुळावर ओरखडे उठतात. लाकडी गोल काडीही तेवढ्यापुरतं अडकलेलं काढते, दाताच्या बाजू साफ करत नाही. रोज एकाच जागी घातली तर हिरडीचं टोक बसतं आणि फट वाढते. रबरी टोकाच्या काड्या मऊ असतात, हात थरथरणाऱ्यांना बऱ्या पडतात. पण जागा मोकळी असेल तरच.

*(बारा दिवसांनी)*

कुलकर्णी काका (बी-402): वैशाली, खालच्या पुढच्या चार फटींत 0 जातो, कडेच्या दाढांत 2. रक्त बंद झालं. वर डावीकडे मात्र 3 घातला तरी सैल पडतो, आणि मेथी तिथे अजून अडकतेच. रोज ब्रशवर पहिल्यांदा तेच निघतं.

डॉ. वैशाली (सी-703): तिथे 4 करून बघा. पण काका, दर जेवणाला एकाच जागी अडकतंय म्हणजे वर दात एकमेकांना टेकत नसतील. जुनं फिलिंग आहे का तिथे?

कुलकर्णी काका (बी-402): हो, चांदीचं, बरंच जुनं.

डॉ. वैशाली (सी-703): मग फिलिंगची बाजू झिजलेली दिसतेय. कितीही साफ केलं तरी वरून अन्न कोंबलं जाणार. ते काढून, शेजारच्या दाताला टेकेल असं नवीन करून घ्यावं लागेल. जाताना मेथीची भाजी-पोळी खाऊन जा आणि तोंड धुऊ नका, म्हणजे डॉक्टरांना नेमकी जागा दिसेल.

कुलकर्णी काका (बी-402): शनिवारी अकराची वेळ मिळाली. तोवर 4 नंबर आणतो.