काच फुटली की तडकली?

शुभदा_भा: एका इमारतीच्या वापरपुस्तिकेचं भाषांतर करतेय. बाल्कनीच्या कठड्याबद्दलचं वाक्य मी असं केलं: ‘काच फुटली तरी ती जागेवर राहिली पाहिजे.’ तपासणाऱ्यांनी लाल रेघ मारली. फुटलेली काच जागेवर कशी राहील, ‘तडकली’ करा म्हणाले. पण मुळात टफन्ड आणि लॅमिनेटेड दोन्हींसाठी एकच क्रियापद आहे. काय करावं?

अण्णा_व्युत्पत्ती: तपासणाऱ्यांचं बरोबर आहे. तडा जातो तेव्हा वस्तू एकसंध दिसते, फुटते तेव्हा तुकडे वेगळे होतात. पण आधी ते ‘टफन्ड’ काढा हो! लोहार पात्याला पाणी देतो, तीच ही क्रिया. ‘पाणीदार काच’ म्हणा. लॅमिनेटेडला ‘थरकाच’.

काचकाम: अण्णा, टफन्डला इंग्रजीत ‘टेम्पर्ड’ही म्हणतात, आणि गंमत म्हणजे तुमचा शब्द त्यापेक्षा जास्त चपखल आहे. पोलाद टेम्पर करतात म्हणजे पाणी दिल्यावर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. काचेचं तसं नाही. ती सहाशे अंशांच्या वर तापवून दोन्ही बाजूंनी हवेचे झोत मारून झटकन थंड करतात. वरचा थर आधी आवळतो, पोट मागून आकसतं आणि ताणात अडकतं. म्हणून पृष्ठभाग साध्या काचेच्या चार-पाच पट भार सोसतो, पण तडा त्या पोटात शिरला की सगळी काच एकदम दाणेदाण. या काचेला ‘तडकली’ म्हणताच येत नाही. एक रेघ पडून थांबणं तिच्या नशिबी नाही. तरी कारखान्यात जाऊन ‘पाणीदार’ मागाल तर पाण्याची बाटली देतील!

अण्णा_व्युत्पत्ती: शब्द वापरला नाही तर रुळेल कसा? ‘दूरध्वनी’लाही हसले होते.

मी_उगाच: आणि अजूनही फोनच म्हणतात.

नीलिमा७: आमची मोठी खिडकी रात्री आपोआप फुटली. कोणी हातही लावला नव्हता. काचवाला म्हणे, तुम्हीच काहीतरी आपटलं असेल. याला कोणता शब्द?

काचकाम: ताई, काच चौकटीत उभी होती का, की सगळी खाली आली?

नीलिमा७: बरीचशी उभी होती, जाळी जाळी होऊन. सकाळी झाडून टाकली.

काचकाम: तिथेच पुरावा गेला. टफन्डच्या भेगा जिथून सुरू झाल्या त्या जागेकडे बोट दाखवतात. तिथे बाकीच्यांपेक्षा मोठे, एकमेकांना चिकटलेले दोन तुकडे सापडले, फुलपाखराच्या पंखांसारखे, आणि मधल्या रेघेवर बारीक ठिपका दिसला, तर काचेत राहून गेलेल्या निकेल सल्फाइडच्या खड्याचा दाट संशय. झटकन थंड करताना तो खडा आकसलेल्या रूपात अडकतो, पुढे महिन्यांनी किंवा वर्षांनी हळूहळू फुगतो आणि ताणलेल्या पोटात तडा सोडतो. बसवण्याआधी काच पुन्हा भट्टीत काही तास तापवून अशी खोडी असलेल्या काचा मुद्दाम तिथेच फोडतात. त्यातूनही एखादी सुटते. भेगा कडेवरच्या टवक्यापासून किंवा स्क्रूपासून निघाल्या असतील, तर मात्र दोष बसवण्याचा.

राहुल_साइट: मग सोपं आहे की. दोन टफन्ड चिकटवल्या, लॅमिनेटेड झाली. कठडा पक्का, विषय संपला.

काचकाम: अर्धा संपला. एक फुटली तर दुसरी तोलून धरते, खरं. पण नुसत्या खालच्या पट्टीत धरलेल्या कठड्यात दोन्ही फुटल्या की सगळे दाणे दोन काचांमधल्या मऊ प्लास्टिकच्या पडद्याला चिकटून राहतात आणि अख्खी काच ओल्या गोधडीसारखी वाकून पडते. उन्हात तो पडदा आणखी मऊ. म्हणून तिथे ताठर पडदा घेतात, किंवा कमी ताणाची, अर्धवट कडक केलेली काच. तिचे तुकडे मोठे पडतात, एकमेकांत अडकतात आणि उभे राहतात.

राहुल_साइट: आमच्या साइटवर नुसती १२ मिमी टफन्ड लावतात. दाणे बोथट असतात, कोणाला लागत नाही.

काचकाम: दाणे सुटे पडले तर. वरच्या मजल्यावरून चिकटलेली ढेकळंच खाली येतात. आणि टेकून उभ्या असलेल्या माणसापुढे उरतं काय? भोक. बोथट तुकड्याचा मुद्दा दारासाठी, जमिनीलगतच्या खिडकीसाठी ठीक.

शुभदा_भा: म्हणजे माझं वाक्य लॅमिनेटेडपुरतंच खरं ठरतं. मग ‘फुटली’ ठेवू?

मी_उगाच: ‘काच भंगली’?

अण्णा_व्युत्पत्ती: भंगते ती मूर्ती! अहो, क्रियापदालाही संदर्भ असतो.

काचकाम: मी ‘फुटली तरी’च ठेवेन. तडा गेली तरी म्हटलं की वाचणाऱ्याला एक बारीक रेघ दिसते, आणि अट आहे ती पूर्ण चुऱ्यासाठी.

अण्णा_व्युत्पत्ती: ‘तडा गेली’ नव्हे, ‘तडा गेला’. तडा पुल्लिंगी.

नीलिमा७: तो ठिपका दिसायला भिंग लागतं का? खिडकीच्या खाचेत काही तुकडे अजून अडकलेत.