मदत हवी आहे : चार वर्षांत दामदुप्पट, म्हणजे वर्षाला किती टक्के?

गोदाकाठ_परभणी
जरा लवकर सांगा. आमच्या आबांकडे एक सोयरे आले होते. त्यांच्या स्कीममध्ये पैसे चार वर्षांत डबल होतात. टक्के विचारले तर म्हणाले पंचवीस. चुलतभाऊ म्हणतो एकोणीस. बँक सातच्या आसपास देते. खरा आकडा कोणता, आणि एवढं मिळू शकतं का? सोमवारी पैसे भरायचे आहेत. आबा माझं ऐकत नाहीत, पण हिशोब मांडून दाखवला तर ऐकतात.

सेलूकर
पंचवीसच. शंभराचे दोनशे झाले, वरचे शंभर भागिले चार. शेकडा दोन रुपयांच्या जरासं वर. आपल्याकडं हातउसने पैसेसुद्धा याच भावानं फिरतात. यात विचारण्यासारखं काय आहे?

लातूरची_अनघा
माझ्या मुलीच्या विमा पॉलिसीत पण एजंटने असंच सांगितलं होतं. मुदतीआधी मोडली तर भरलेले पैसेही पूर्ण मिळत नाहीत. सरेंडर व्हॅल्यू आधी विचारा.

गोदाकाठ_परभणी
ताई, पॉलिसी नाही हो ही.

निवृत्त_शाखाधिकारी
सेलूकर, दरवर्षी पंचवीस रुपये हातात पडत असते तर तुमचं बरोबर होतं. इथे मधे काहीच मिळत नाही, व्याजावर व्याज चढत जातं. त्यामुळे चुलतभाऊ बरोबर आहे.

आबांना दुकानातल्यासारख्या साध्या कॅल्क्युलेटरवर दाखवा. 2 दाबा आणि वर्गमुळाची खूण दोनदा दाबा. 1.1892 येईल, म्हणजे वर्षाला 18.92 टक्के. आता उलटं करा. समजा 5 लाख आहेत, त्यांना 1.1892 ने गुणलं की पहिल्या वर्षाअखेर 5,94,600. पुन्हा गुणा, 7 लाख 7 हजार. मग 8 लाख 41 हजार, आणि चौथ्या वर्षी 10 लाख. दोनदा वर्गमूळ फक्त चार वर्षांसाठी चालतं. मुदत वेगळी असेल तर 72 ला वर्षांनी भागा, अंदाज येतो. चाराला 18 येतं, खऱ्याच्या जवळच.

शेजारी पोस्टाचं किसान विकास पत्र ठेवा. तेही दुप्पटच करतं, पण 7.5 टक्क्यांनी 115 महिने लागतात, साडेनऊ वर्षांच्या थोडं वर.

पण तुम्ही अर्धीच माहिती दिली आहे. रक्कम किती? एकदाच भरायची की हप्त्याने? बँक, पतसंस्था की कंपनी? पावतीवर काय लिहून देणार?

गोदाकाठ_परभणी
एकरकमी 5 लाख. रस्त्यात जमीन गेली त्याचा मावेजा आहे. कंपनी आहे, रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट दाखवलं. आणि सोयरे म्हणाले, भरल्याबरोबर 20 हजार रोख परत देतो.

एसआयपी_संभाजीनगर
एकोणीस टक्के ऐकून एवढं दचकू नका. मार्च 2020 मध्ये सेन्सेक्स 26 हजारांखाली बंद झाला होता आणि फेब्रुवारी 2021 मध्ये त्याने 52 हजार ओलांडले. वर्षाच्या आत दुप्पट. पैसे दुप्पट होतात, साधन योग्य हवं. माझं ऐका, इंडेक्स फंडात टाका.

निवृत्त_शाखाधिकारी
झाले दुप्पट, पण ते तळापासून मोजले म्हणून. आणि होतील असं लिहून कोणी दिलं होतं का? इथे चार वर्षांनंतरचा आकडा आजच ठरवून देत आहेत. बाजारात असं लिहून देणारा कोणी नसतो, तुमच्या फंडाच्या कागदावरही जोखीम छापलेली असते.

गोदाकाठ, ते 20 हजार नीट बघा. तुमच्या खिशातून गेले 4 लाख 80 हजार, मिळणार 10 लाख. दर 20 च्या वर गेला. हे पैसे सोयऱ्यांच्या कमिशनमधूनच येणार, आणि कमिशन कंपनी तुमच्याच 5 लाखांतून देणार. स्वतःसाठीही ते काही ठेवतीलच. म्हणजे धंद्यात 5 लाख लागतच नाहीत. उरलेल्या रकमेवर कंपनीला ऑफिस, पगार आणि स्वतःचा नफा काढून तुमचे 10 लाख उभे करायचे आहेत. वर्षाला बावीस-तेवीस टक्के तरी कमवावे लागतील, चारही वर्षं, एकदाही न चुकता.

असा धंदा खरंच असेल तर बँक तारण घेऊन त्याला दहा-बारा टक्क्यांनी कर्ज देते. ते सोडून तो परभणीत दारोदार एजंट पाठवून एकोणीस टक्क्यांनी पैसे का गोळा करतो? हा एक प्रश्न सोयऱ्यांना आबांसमोर विचारा.

सेलूकर
बँक आपल्याला तरी कुठं वेळेवर कर्ज देते? म्हणून लोक जास्त व्याज देऊन पैसा उचलतात. आणि रजिस्टर कंपनी आहे, 5 लाखांचा विमा असतो.

निवृत्त_शाखाधिकारी
तो विमा बँकेतल्या ठेवींना असतो. कंपनीला नाही, पतसंस्थेलाही नाही. कंपनीची नोंदणी म्हणजे लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी नव्हे. ठेवी घ्यायला कोणाला परवानगी आहे ते रिझर्व्ह बँकेच्या sachet.rbi.org.in वर बघता येतं, तक्रारही तिथेच करता येते.

माजलगावकर
आमच्या घरचं सांगतो. एका संस्थेत वडिलांनी ठेव ठेवली होती. सुरुवातीला व्याज वेळेवर यायचं, म्हणून मामा-मावशीचेही पैसे आम्हीच नेऊन ठेवले. मुदत संपली की तिथला माणूस म्हणायचा, काढून काय करता, व्याजासकट नवी पावती करू. पावतीवरचा आकडा वाढत गेला, खात्यात मात्र काही आलं नाही. एक दिवस शटरच उघडलं नाही. वडील अजून त्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून आर्थिक गुन्हे शाखेत चकरा मारतात.

सोयऱ्यांना एकच म्हणा, मुदत पूर्ण झालेल्या माणसाचं पासबुक दाखवा, ज्यात पूर्ण रक्कम जमा झाली आहे. पावती नको, पासबुक.

गोदाकाठ_परभणी
पावतीचा नमुना आता बघितला. त्यावर ठेव असा शब्दच नाही. ‘प्लॉट बुकिंगपोटी आगाऊ रक्कम’ असं आहे. गट नंबर नाही, गावाचं नावही नाही. आणि आबांनी 50 हजार आधीच देऊन टाकलेत, हे मला आज कळलं.

सेलूकर
प्लॉटचं असेल तर मग ठीक. जमिनीचे भाव चार वर्षांत दुप्पट होतात, आमच्या बायपासला झाले.

निवृत्त_शाखाधिकारी
भाऊ, गट नंबर नसलेला प्लॉट कुठे असतो? सातबारा कशाचा काढणार? ठेव म्हटलं तर ठेवींचा कायदा लागतो, म्हणून कागदावर प्लॉट लिहितात. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा 2019 चा कायदा आहे. कागदावर काहीही लिहिलं तरी नफ्यासकट पैसे परत द्यायचं कबूल केलं असेल तर त्या कायद्याखाली तक्रार करता येते. पण पैसे परत मिळायला वर्षं जातात.

गोदाकाठ, 50 हजार कसे दिले? रोख की खात्यातून?

गोदाकाठ_परभणी
रोख. हातानं लिहिलेली चिठ्ठी आहे, त्यावर सोयऱ्यांची सही.

निवृत्त_शाखाधिकारी
ती चिठ्ठी जपा, फोटो काढून ठेवा. पैसे परत हवेत असं व्हॉट्सअपवर लिहून मागा, तोंडी नको. बाकीचे साडेचार लाख खात्यातून हलू देऊ नका.

माजलगावकर
सोयरिकीत असं लिहून मागणं सोपं नाही साहेब. आमच्याकडं त्यावरून बोलणं तुटलं.

लातूरची_अनघा
आबा साठीच्या पुढचे असतील तर पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत टाका ना. 8.2 टक्के. 5 लाखांवर दर तिमाहीला 10,250 खात्यात येतात, आमच्या सासऱ्यांचे येतात.

गोदाकाठ_परभणी
वर्गमुळाचं आबांना दाखवलं. त्यांनी स्वतः दोनदा करून बघितलं. आता म्हणतात, कर्जाचा प्रश्न मी विचारतो, पण 50 हजारांचं तू सोयऱ्यांना काही लिहू नको. अनघाताई, आबा 58 चे आहेत. साठीच्या आत चालतं का?

लातूरची_अनघा
नोकरीतून निवृत्त झालेल्यांना 55 पासून चालतं, पण ते निवृत्तीच्या पैशाला. मावेज्याला नाही.